गेट पास आणि व्हिजिटर नोंद: प्रकल्पाच्या नोंदी

मंगळवार, ३ जून २०२५

काल मॉक ड्रिल झालं. भोंगा वाजल्यापासून नऊ मिनिटांत आपल्या कर्मचाऱ्यांची हजेरी असेंब्ली पॉइंटवर जुळली. व्हिजिटरांची मात्र जुळली नाही, आणि तिथूनच नवं व्हिजिटर धोरण लिहिण्याचं हे काम माझ्याकडे आलं.

गेटवरच्या रजिस्टरप्रमाणे त्या वेळी बाहेरची ४१ माणसं आवारात होती. असेंब्ली पॉइंटवर उभी होती १४. त्यातल्या तिघांची रजिस्टरमध्ये नोंदच नव्हती, म्हणजे खरे जुळले ११ आणि शोधायचे राहिले ३०. सेफ्टी ऑफिसरांनी तिथेच विचारलं, "ही खरी आग असती तर या तीस जणांसाठी मी माणसं आत पाठवायची की नाही?" कोणाकडेच उत्तर नव्हतं.

शोध पुरा व्हायला पन्नास मिनिटं लागली. २४ जण आधीच निघून गेले होते, फक्त जातानाची वेळ लिहिलेली नव्हती. चौघे मटेरियल गेटच्या बाजूला त्यांच्या सुपरवायझरबरोबर उभे होते. उरलेले दोघे दुसऱ्या मजल्यावरच्या मीटिंग रूममध्येच बसून होते. त्यांना बोलावणारा आपला माणूस "ते मागून येतीलच" असं समजून एकटाच खाली उतरला होता. त्यांना भोंग्याचा अर्थच माहीत नव्हता, म्हणून ते वाट बघत राहिले.

या दोघांचा विचार रात्रभर डोक्यातून गेला नाही. चोवीस चुकीच्या नोंदींच्या ढिगात दोन खरी माणसं दडली होती. रजिस्टरवर कोणाचा विश्वास नसेल, तर खरी आग लागल्यावर ते कोणी उघडूनही बघणार नाही.

म्हणून धोरणासाठी मी एकच कसोटी धरते आहे: दिवसाच्या कुठल्याही क्षणी "आत्ता आत बाहेरचं कोण आहे आणि कुठे आहे" हे दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे.

गुरुवार, ५ जून

मागच्या पंधरा कामाच्या दिवसांची रजिस्टरची पानं घेऊन बसले. एकूण ५१२ नोंदी, त्यांत ९७ ठिकाणी बाहेर जाण्याचा रकाना कोरा. प्रत्येक नोंदीबद्दल बोलावणाऱ्याला फोन करून विचारलं. दोन दिवस त्यातच गेले, पण कारणं हाती लागली.

३८ जण कंत्राटदारांची माणसं होती. ती मेन गेटने आत आली आणि सामान गाडीत टाकून मटेरियल गेटने बाहेर पडली. २९ जण आपल्याच कोणाच्या तरी गाडीत बसून गेले. आपली गाडी दिसली की गार्ड गेटचा आडवा दांडा उचलतो, आत कोण बसलंय ते बघत नाही. १७ नोंदी संध्याकाळी सातच्या आसपासच्या, गार्डची पाळी बदलते तेव्हाच्या. ९ जण दुपारी बाहेर जाऊन परत आले होते आणि त्यांची दुसरी नोंद नव्याने झाली, पहिली तशीच उघडी राहिली. चौघांचा पत्ता लागला नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट भरलेल्या रकान्यांत सापडली. एका पानावर सलग सात जणांची बाहेर जाण्याची वेळ ६:०० होती. एकच शाई, एकच हात, एकाच झटक्यात लिहिलेली. मग मुद्दाम तशा नोंदी शोधल्या. गोल आकड्याच्या आणि सलग एकाच हाताच्या अशा ६१ निघाल्या. त्या लोकांना बाहेर जाताना कोणी बघितलेलंच नव्हतं.

पाळीवरच्या गार्डशी बोलले. त्यांनी काही लपवलं नाही. "मॅडम, रकाना कोरा दिसला की आम्हाला बोलणी बसतात. भरलेला असला की कोणी विचारत नाही. मग पाळी सोडताना आम्ही भरून टाकतो." ते बरोबर सांगत होते. आम्हीच त्यांना तसं करायला लावलं होतं. मागच्या ऑडिटमध्ये "रकाने रिकामे" एवढाच शेरा होता आणि त्यानंतर रजिस्टर अगदी स्वच्छ झालं. त्या स्वच्छतेवर मी स्वतः सही केली आहे.

तेव्हा पहिला नियम आज लिहून टाकला: बाहेर जाण्याची वेळ माहीत नसेल तर ती अंदाजाने भरायची नाही. "वेळ कळली नाही" असं लिहायचं, आणि तसं लिहिणाऱ्याला बोलणी बसणार नाहीत.

मंगळवार, १० जून

गार्डांचे सुपरवायझर, सेफ्टी ऑफिसर आणि मी, असे तिघे गेटच्या केबिनमध्ये तीन तास बसलो. रजिस्टरमधली ओळ विसरता येते. हातात दिलेली वस्तू परत घ्यावी लागते. म्हणून हिशोब ओळींचा न ठेवता पासांचा ठेवायचं ठरलं.

साठ पक्के पास, १ ते ६० क्रमांकाचे. गार्डच्या पाठीमागे भिंतीवर साठ हुकांचा फळा. पास दिला की हुक रिकामा, परत आला की भरलेला. रिकामे हुक म्हणजे आत असलेली माणसं. वाचायला कोणाला शिकवावं लागत नाही आणि दूरूनही दिसतं. मटेरियल गेटची मालिका वेगळी, १०१ पासून पुढे, म्हणजे पास कुठल्या गेटचा ते आकड्यावरून कळेल. ज्या गेटवर पास घेतला त्याच गेटवर परत द्यायचा.

एका माणसाला एक पास. आजवर "अमुक आणि इतर चार" अशा नोंदी चालत होत्या. ते बंद. इतर चारांनाही नावं असतात, आणि चारातले तीनच बाहेर पडले तर ती एक ओळ काहीच सांगू शकत नाही.

मोठा वाद झाला तो ओळखपत्र ठेवून घ्यायचं का यावर. सुपरवायझरांचं म्हणणं, "कार्ड आमच्याकडे असलं की माणूस पास परत देतोच." हे खरंच आहे, तरीही मी विरोध केला. एक तर संध्याकाळपर्यंत केबिनच्या ड्रॉवरमध्ये तीस-चाळीस जणांची कार्डं जमतात. एखादं हरवलं किंवा कोणी फोटो काढला तर त्याची जबाबदारी घ्यायची कोणी? दुसरं, आगीत धावत सुटलेला माणूस कार्डासाठी गेटवरच थांबतो, आणि गेटवर गर्दी नको तेव्हाच गर्दी होते. शेवटी ठरलं की ओळखपत्र बघायचं, चेहरा जुळवायचा, प्रकार आणि शेवटचे चार अंक लिहायचे आणि कार्ड लगेच परत द्यायचं. झेरॉक्स नाही, फोटो नाही.

मग पास परत कसा येणार? बाहेर पडण्याची वाट पासावरच ठेवायची. पायी जाणाऱ्यांसाठी फिरतं दार, त्याच्या शेजारी पेटी. पास पेटीत पडल्यावर गार्ड दार सोडतो. गाडीसाठी दांडा खालीच राहील आणि गार्ड वाकून एकच प्रश्न विचारेल: "गाडीत कोणाकडे व्हिजिटर पास आहे का?" गाडी कोणाचीही असो, प्रश्न हाच.

शुक्रवार, १३ जून

आज फक्त एस्कॉर्टचा भाग लिहिला. जुन्या धोरणात एकच वाक्य होतं, "व्हिजिटरला एस्कॉर्ट करावे." कोणी, कुठून, कुठपर्यंत, काहीच नाही.

दोन माणसं वेगळी केली. बोलावणारा आणि सोबत करणारा. ती एकच असू शकतात, पण कामं दोन आहेत. बोलावणारा पास परत येईपर्यंत जबाबदार, मग तो स्वतः आवारात असो वा नसो. सोबत करणारा त्या क्षणी व्हिजिटरच्या बरोबर असतो, नजरेच्या टप्प्यात, आणि भोंगा वाजला तर त्याला घेऊनच बाहेर पडतो. मीटिंग रूममधल्या त्या दोघांसाठी हे शेवटचं वाक्य मी ठळक अक्षरात टाकलं आहे.

सोबत बदलता येते, पण व्हिजिटरच्या नोंदीच्या स्लिपवर नाव लिहून. "जरा यांना बघ हां" असं म्हणून निघून जाणं म्हणजे सोबत देणं नव्हे. दुसऱ्याने "हो, माझ्याकडे" म्हणून सही केल्याशिवाय पहिल्याची जबाबदारी सुटत नाही. स्वच्छतागृहाशी दाराबाहेर थांबायचं. आणि निरोप लिफ्टपाशी द्यायचा नाही, गेटवर द्यायचा. आमच्याकडे सगळे लिफ्टपाशी हात मिळवून परत फिरतात; तिथून गेटपर्यंत माणूस एकटाच असतो.

सुपरवायझरांनी एक जुनी पद्धत आठवण करून दिली आणि ती मला फार आवडली. भेट संपली की बोलावणारा स्लिपवर वेळ घालून सही करतो आणि गार्ड ती वेळ गेटवरच्या वेळेशी ताडून बघतो. भेट ३:१० ला संपली आणि माणूस गेटवर ४:०५ ला आला, तर मधली पंचावन्न मिनिटं तो कुठे होता? पूर्वी ही सही घेतली जायची, पण ताडून कोणी बघायचं नाही, म्हणून ती बंदच पडली.

किती फरक चालेल हे ठरवायला मी स्वतः चालून बघितलं. सर्वांत लांबच्या चाचणी प्रयोगशाळेपासून मेन गेटपर्यंत सावकाश चालत सात मिनिटं लागतात. म्हणून मर्यादा पंधरा मिनिटांची. त्याहून जास्त झालं तर गार्डने माणसाला अडवायचं नाही, चौकशीही करायची नाही. बोलावणाऱ्याला फोन लावून कारण विचारायचं आणि ते स्लिपच्या मागे लिहायचं. बहुतेक वेळा कारण साधंच असतं, कोणीतरी जुनं ओळखीचं भेटलेलं असतं. पण विचारणारं कोणी आहे हे एकदा कळलं की लोक गेटपर्यंत सोडायला येऊ लागतात.

बुधवार, १८ जून

प्रतिबंधित जागा. चार ठरल्या: सर्व्हर रूम, इलेक्ट्रिकल पॅनल रूम, केमिकल स्टोअर आणि चाचणी प्रयोगशाळा. यादी लांबवण्याचा मोह आवरला. अकाउंट्सनाही आपला मजला यादीत हवा होता. पण सगळंच प्रतिबंधित केलं तर गार्डच्या दृष्टीने काहीच प्रतिबंधित राहत नाही. त्यांच्या मजल्याला दाराचं कुलूप आणि सोबत पुरेशी आहे.

पासाला तीन रंग. पांढरा रिसेप्शन आणि मीटिंग रूमपुरता. पिवळा सोबतीने कामाच्या भागात. लाल प्रतिबंधित जागेसाठी. इथे एक चूक होता होता राहिली. पहिल्या मसुद्यात लाल पासवाल्याला सगळीकडे मुभा होती, म्हणजे लाल हा जणू सर्वांत वरचा दर्जा. सेफ्टी ऑफिसरांनी ते खोडलं. सर्व्हर रूमसाठी आलेल्या माणसाला केमिकल स्टोअरमध्ये काय काम? लाल पासावर आता एकाच जागेचं नाव असतं. त्या पासाने दारही उघडत नाही. दार त्या जागेचा जबाबदार माणूस उघडतो आणि दाराशी ठेवलेल्या वहीत आत-बाहेरची वेळ वेगळी लिहितो.

परवानगी कोणाची, हा खरा प्रश्न. बोलावणाऱ्याची नाही, त्या जागेच्या जबाबदार माणसाची. कालचंच उदाहरण. सर्व्हर रूमच्या एसीची सर्व्हिसिंग होती. तंत्रज्ञाला बोलावलं मेंटेनन्सने, खोली आयटीची. तंत्रज्ञ अकराला आला आणि बरोबर एक मदतनीस, ज्याचं नाव कुठेच नव्हतं. जुन्या रीतीने दोघेही आत गेले असते. नव्या मसुद्याप्रमाणे आम्ही चालवून बघितलं. गार्डने आयटीला फोन केला, आयटीने एकालाच परवानगी दिली, मदतनीस पांढऱ्या पासावर रिसेप्शनला बसला. हत्यारांची पेटी उघडून यादी केली, नग मोजून, कारण जाताना तीच यादी लागते. सोबतीला मेंटेनन्सचा माणूस होता. मध्येच त्याला दुसरीकडे बोलावणं आलं, तेव्हा आयटीच्या मुलाने स्लिपवर सही करून सोबत घेतली. पाऊण तासाने तंत्रज्ञ म्हणाला की वरचं युनिट एकट्याने उतरत नाही. मग मदतनिसासाठी वेगळी परवानगी, वेगळा लाल पास. सगळ्यात मिळून वीस मिनिटं जादा गेली. मेंटेनन्सवाले कुरकुरले. ती वीस मिनिटं आदल्या दिवशी दोन्ही नावं कळवली असती तर वाचली असती, म्हणून पूर्वनोंदणीच्या अर्जात "बरोबर कोण" हा रकाना सक्तीचा केला.

पॅनल रूम आणि केमिकल स्टोअरबद्दल एक वेगळी अट घातली: तिथे सोबत करणारा त्या जागेचा धोका जाणणारा हवा. ऑफिसमधल्या कोणालाही "जा, यांच्याबरोबर उभा राहा" म्हणून पॅनल रूममध्ये पाठवलं तर आपण एकाऐवजी दोघांना धोक्यात घालतो. पात्र माणूस मोकळा नसेल तर भेट पुढे ढकलायची.

मंगळवार, २४ जून

मेन गेटवर नव्या पद्धतीची चाचणी सुरू होऊन सहा दिवस झाले.

पहिली अडचण सकाळची. साडेनऊ ते साडेदहा रांग लागते. एका माणसाची पूर्ण नोंद करायला चार मिनिटं लागत होती, आठ माणसं आली की शेवटचा अर्धा तास उभा. पूर्वनोंदणी सुरू केली: बोलावणाऱ्याने आदल्या दिवशी पाचपर्यंत नाव, कुठून, कशासाठी, कोणत्या भागात आणि सोबत कोण हे कळवायचं. गार्ड सकाळी स्लिपा तयार ठेवतो. आता दीड मिनिटात काम होतं. आयत्या वेळी आलेल्यांना नकार नाही. बोलावणाऱ्याने गेटवर येऊन सही करायची, एवढंच.

दुसरी अडचण, शुक्रवारी प्रशिक्षणाला पंचेचाळीस जण एकदम आले आणि पास अपुरे पडले. अशा दिवसांसाठी तारखेचे कागदी पास छापून घेतले, त्यांची गुंडाळी वेगळी, क्रमांक वेगळे, आणि तेही पेटीत परत.

२३ क्रमांकाचा पास कोणाच्या तरी खिशातून गेला. त्या हुकावर "रद्द" ची चकती अडकवली. सुपरवायझर म्हणत होते की नवा २३ बनवून घेऊ. नको म्हटलं. जुना २३ बाहेर फिरतोय, उद्या कोणी तो गळ्यात घालून आला तर गार्डला रद्द चकती दिसली पाहिजे. फळा आता एकोणसाठचा.

आणि काल वरिष्ठांच्या गाडीतून एक पाहुणे आले, गार्डने दांडा उचलला. गार्डला काही बोलले नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही उचलला असता, असं सुपरवायझर म्हणाले आणि ते पटलं. हा प्रश्न वरच सुटायला हवा होता. युनिट हेडना भेटले. त्यांनी स्वतःच्या सहीचं पत्र गेटवर लावायला दिलं: माझ्या गाडीसह प्रत्येक गाडी थांबेल, अडवल्याबद्दल कोणत्याही गार्डवर तक्रार घेतली जाणार नाही. वरिष्ठांच्या पाहुण्यांना रांगेत उभं करायचं नाही, पूर्वनोंदणीने तयार पास गाडीच्या खिडकीतच द्यायचा. पण पास द्यायचाच.

मंगळवार, १ जुलै

संध्याकाळी सातला, पाळी बदलण्याआधी, जाणारा आणि येणारा गार्ड मिळून मेळ घालतात. आज मी शेजारी बसून बघितलं, आणि बरं झालं बसले.

फळ्यावर चार हुक रिकामे, उघड्या स्लिपाही चार. जाणारा गार्ड म्हणाला, "चारास चार, जुळलं." मी म्हटलं, आकडे वाचा. रिकामे हुक: ८, ३६, ४१, ५२. उघड्या स्लिपा: ८, १७, ३६, ५२. संख्या जुळत होती, पास जुळत नव्हते. १७ हुकावर लटकत होता आणि त्याची स्लिप उघडी होती. ४१ बाहेर होता आणि त्याची स्लिपच नव्हती.

उलगडा असा झाला. दुपारी एका तंत्रज्ञाला मीटिंग रूममधून कामाच्या भागात जायचं होतं, म्हणून त्याने पांढरा १७ देऊन पिवळा ४१ घेतला. गार्डने पास बदलला, स्लिपवर लिहायचं राहिलं. फक्त संख्या बघून सोडून दिलं असतं तर पुढे कोणीतरी १७ हुकावर पाहून ती स्लिप बंद केली असती आणि तंत्रज्ञ कागदावर बाहेर गेला असता. तो तेव्हाही आत काम करत होता.

८ आणि ३६ उशिराच्या बैठकीत होते, बोलावणाऱ्याने फोनवर सांगितलं, मी जाऊन बघूनही आले. ५२ बद्दल उत्तर आलं, "ते पाचलाच गेले." कसे गेले? बोलावणाऱ्याच्याच गाडीतून, मटेरियल गेटने, आणि पास बोलावणाऱ्याच्या बॅगेत. मटेरियल गेटच्या गार्डने प्रश्न विचारला नव्हता, कारण तिथे चाचणी सुरूच झालेली नाही. स्लिपवर लिहिलं: "साधारण ५ वा. गेले, बोलावणाऱ्याने फोनवर ७:२० ला सांगितले, पास उद्या परत येणार." खाली माझी सही.

मेळाचा नियम बदलला: एक गार्ड हुकाचा क्रमांक मोठ्याने वाचेल, दुसरा ती स्लिप वर काढेल. बेरीज करायचीच नाही. पास बदलण्यासाठी स्लिपवर "जुना / नवा" असा रकाना छापला.

मंगळवार, ८ जुलै

नोंदी कुठे आणि किती दिवस ठेवायच्या, हे आज संपवलं.

गेटवरचं उघडं रजिस्टर बंद. एकाच कामासाठी दर द्यायला आलेले दोन पुरवठादार एकमेकांची नावं त्याच पानावर वाचत होते, फोन नंबरसकट. आता माणशी एक स्लिप, गार्ड स्वतः लिहितो आणि आलेला माणूस आपलीच स्लिप बघून सही करतो. उघड्या स्लिपा हँडलच्या पेटीत, बंद झालेल्या दिवसाच्या गठ्ठ्यात. सगळ्या स्लिपा क्रमांकाच्या, खराब झालेली फाडून टाकायची नाही, "रद्द" लिहून गठ्ठ्यातच ठेवायची. क्रमांकात खंड दिसला तर तो मेळात पकडला जातो. दुरुस्ती एका आडव्या रेघेने, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि वेळ. व्हाइटनर केबिनमधून उचलून आणला.

साध्या स्लिपा सहा महिने, प्रतिबंधित जागांच्या स्लिपा आणि दाराच्या वह्या दोन वर्षं. एखाद्या घटनेची चौकशी चालू असेल तर त्या दिवसाचा गठ्ठा चौकशी संपेपर्यंत बाजूला. मुदत संपली की श्रेडरमध्ये, आणि कोणत्या तारखांचे गठ्ठे नष्ट केले त्याची एक ओळ नोंदवहीत. सुपरवायझरांना सगळं कायमचं जपून ठेवायचं होतं. माझं मत असं की ज्या माणसाशी आपला संबंध एका तासाच्या भेटीचा, त्याचा फोन नंबर पाच वर्षं कपाटात ठेवायला आपल्याकडे कारण नाही.

जाता जाता एक शोध लागला. दोन गेटांच्या घड्याळांत सहा मिनिटांचा फरक आहे. मेन गेटवर ११:०४ ला आलेला माणूस मटेरियल गेटवर ११:०१ ला दिसत होता. पंधरा मिनिटांची मर्यादा लावायची तर हे चालणार नाही. रोज सकाळी पाळी घेताना दोन्ही घड्याळं मोबाइलच्या वेळेशी लावायची, आणि लावल्याची सही.

मंगळवार, २२ जुलै

आज न सांगता दुसरं मॉक ड्रिल घेतलं. मेन गेटच्या उघड्या स्लिपा १९, रिकामे हुक १९, क्रमांक जुळले. गार्डने स्लिपांची पेटी उचलली आणि असेंब्ली पॉइंटवर आला. फळा भिंतीला ठोकलेला असल्यामुळे तो तिथेच राहणार, हे गृहीत धरूनच पेटीला हँडल लावला होता.

तिथे १८ माणसं, सगळी आपापल्या सोबत्याबरोबर. राहिला पास क्रमांक ३१. स्लिपवर लिहिलेलं होतं: पिवळा पास, चाचणी विभाग, आणि सोबत करणाऱ्याचं नाव. त्याला फोन लावला. तो व्हिजिटरला घेऊन मटेरियल गेटच्या बाजूला उभा होता, कारण तिकडची वाट जवळ होती. त्याने केलं ते बरोबरच होतं. भोंग्यापासून सहा मिनिटांत यादी पुरी झाली.

मटेरियल गेटचं चित्र मात्र जुनंच आहे. तिथे कंत्राटदारांचे अकरा जण उभे होते आणि वहीत सात नावं. एकाने सांगितलं की त्यांच्यातले दोघे रात्रपाळी करून सकाळी आतच झोपले होते. ते भोंग्याने उठून आले. वहीत ते आदल्या दिवशीचे होते आणि त्यांची पानं आधीच उलटलेली होती.

म्हणजे मध्यरात्र ओलांडणाऱ्या पासाचा विचार आम्ही केलेलाच नाही. १०१ ची मालिका आणि तिकडचा हुकांचा फळा सोमवारपासून. त्याच्या आधी दोन गोष्टी ठरवायच्या: रात्रीचा मेळ सकाळी सातला दुसऱ्यांदा घालायचा का, आणि उघडी स्लिप दुसऱ्या दिवशीच्या पेटीत कोणाच्या सहीने सरकवायची. सुपरवायझर, कंत्राटदारांचे दोन मुकादम आणि मी उद्या सकाळी साडेसहाला मटेरियल गेटवर भेटतोय, पाळी बदलताना प्रत्यक्ष कोण कुठून येतं-जातं ते बघायला.